‘स्किप’ दाबण्याआधी थांबा

नवा फोन हातात येतो, सिम घातलं जातं, व्हॉट्सअ‍ॅप उघडतं, नंबर टाकला की सहा आकडी कोड येतो. इथवर सगळं सुरळीत चालतं. मग अ‍ॅप म्हणतं की तुमचा बॅकअप शोधतोय, आणि काही क्षणांनी सांगतं की बॅकअप सापडला नाही. खाली `Skip` असं लिहिलेलं असतं. बहुतेक माणसं इथे वैतागून ते दाबतात आणि पुढे जातात. अ‍ॅप चालू होतं, पण आत एकही जुना संदेश नसतो.

या लेखात मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. ‘सापडला नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा नसतो. अ‍ॅपने एका ठरावीक जागी पाहिलं आणि तिथे काही मिळालं नाही, एवढाच त्याचा अर्थ. बॅकअप दुसऱ्या गूगल खात्यात असू शकतो, जुन्या फोनच्या एखाद्या फोल्डरमध्ये असू शकतो, किंवा तो वाचण्याइतकं नव्या फोनमधलं अ‍ॅप नवं नसेल. या तिन्ही अडचणींवर उपाय आहे. खरं नुकसान होतं ते त्यानंतर, घाईघाईने पुढे गेल्यामुळे.

ते कसं होतं, ते आधी समजून घेऊ. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गूगल खात्यात ठेवला जातो. एका नंबरचा एका खात्यात एकच बॅकअप राहतो. नवा बॅकअप घेतला की तो जुन्याच्या जागी जाऊन बसतो आणि जुना परत मागता येत नाही. आता समजा, तुम्ही `Skip` दाबलंत, दिवसभरात चारदोन संदेश आले, आणि नव्या फोनने रात्री त्याच खात्यात आपला बॅकअप चढवला. सात वर्षांच्या गप्पांच्या जागी चार संदेशांचा बॅकअप आला. म्हणून पहिला नियम असा, की बॅकअप सापडला नाही असं दिसलं तर तिथेच थांबायचं. जुना फोन फॉरमॅट करायचा नाही, विकायचा नाही, एक्स्चेंजमध्ये द्यायचा नाही.

चुकून `Skip` दाबलं गेलंच असेल, तर लगेच `Settings > Chats > Chat backup` इथे जाऊन आपोआप होणारा बॅकअप बंद करा. तिथे `Off` किंवा `Never` असा पर्याय असतो. बॅकअप परत आणण्याचा प्रश्न अ‍ॅप फक्त नंबर पडताळणीनंतर एकदाच विचारतं. सेटिंगमध्ये नंतर तशी सोय नसते. त्यामुळे पुन्हा प्रयत्न करायचा तर अ‍ॅप काढून नव्याने टाकावं लागतं. मात्र ते काढण्याआधी पुढच्या तीन गोष्टी तपासून घ्या, नाहीतर तोच पडदा पुन्हा समोर येईल. शिवाय वारंवार कोड मागवला तर अ‍ॅप काही तास थांबायला लावतं.

(या लेखातली पडद्यावरची नावं इंग्रजी मांडणीतली आहेत. तुमचा फोन मराठीत असेल तर शब्द वेगळे दिसतील, क्रम साधारण हाच राहील.)

खातं कोणतं?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बॅकअप शोधताना अ‍ॅप दोन गोष्टी जुळवून पाहतं: फोन नंबर आणि गूगल खातं. नंबर तोच असेल पण खातं वेगळं असेल, तरी काही सापडणार नाही. आणि खातं वेगळं असणं आपल्याकडे फार सहज घडतं. दुकानात फोन घेतला की काउंटरवरचा मुलगा विचारतो, ‘जीमेल आयडी आहे का?’ पासवर्ड आठवत नाही. मग तो दोन मिनिटांत नवा आयडी काढून फोन सुरू करून देतो. फोन छान चालतो, प्ले स्टोअर चालतं, पण जुना बॅकअप ज्या खात्यात पडून आहे ते खातं या फोनला माहीतच नसतं.

बॅकअप कोणत्या खात्यात आहे ते पाहण्यासाठी जुन्या फोनमधलं गूगल ड्राइव्ह उघडा आणि मेनूतून `Backups` या भागात जा. संगणकावर त्या खात्याने लॉगिन करून `drive.google.com/drive/backups` हा पत्ता उघडला तरी चालतं. एकापेक्षा जास्त जीमेल खाती असतील तर प्रत्येक खात्यात जाऊन पाहायचं. जिथे व्हॉट्सअ‍ॅपची नोंद दिसेल ते तुमचं खातं. ही नोंद फक्त दिसते. तिच्यातले संदेश ड्राइव्हमधून उघडून वाचता येत नाहीत. तिथे बॅकअप पुसण्याचा पर्यायही असतो, त्याला हात लावू नका.

नोंद दिसली की तिची तारीख पाहा, कारण पुष्कळदा अडचण तारखेतच असते. गूगल खात्यात फुकट मिळणारी जागा १५ जीबी असते आणि ती जीमेल, फोटो, ड्राइव्ह या सगळ्यांची मिळून असते. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपला २०१८ पासून या हिशेबातून सूट होती. ती सूट २०२३ च्या अखेरीपासून काढून घ्यायला सुरुवात झाली आणि २०२४ मध्ये बदल टप्प्याटप्प्याने सगळ्यांना लागू झाला. तेव्हापासून ज्यांचं खातं फोटोंनी भरलेलं होतं त्यांचा बॅकअप अडकू लागला. फोनने तशी सूचना दिलेली असते, पण सूचनांच्या गर्दीत ती वाचली जात नाही. मग फोन बदलायची वेळ येते आणि कळतं की शेवटचा बॅकअप कितीतरी महिन्यांपूर्वीचा आहे.

खातं सापडलं आणि तारीख ताजी असेल, तर काम सोपं आहे. नव्या फोनच्या सेटिंगमध्ये ते गूगल खातं जोडा, व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाका, तोच नंबर द्या. या वेळी `Restore` हा पर्याय समोर येईल. आधी संदेश येतात, फोटो आणि व्हिडिओ मागाहून उतरत राहतात. म्हणून सुरुवातीला फोटो धूसर दिसले तर घाबरू नका. वायफाय चालू ठेवा, फोन चार्जरला लावा आणि नव्या फोनमध्ये पुरेशी जागा मोकळी आहे ना ते पाहा. जुने व्हिडिओ मात्र शेवटपर्यंत आलेच नाहीत, तर बॅकअप घेताना `Include videos` हा पर्याय बंद असण्याची शक्यता मोठी आहे.

बॅकअप आहे कुठे?

खात्यात काहीच नसलं तरी आशा सोडू नका. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप रोज रात्री दोनच्या सुमारास आणखी एक बॅकअप घेतं, तो फोनमध्येच राहतो. त्याला इंटरनेट लागत नाही, गूगल खातं लागत नाही, आणि तुम्ही तो कधी चालू केलेला नसला तरी तो घेतला जातो. गेल्या काही दिवसांच्या प्रती तिथे जपलेल्या असतात. आजकालच्या फोनमध्ये त्यांची जागा अशी:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

जुन्या अँड्रॉइडवर हाच फोल्डर थेट `WhatsApp/Databases` असा असायचा. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरत असाल तर `com.whatsapp` च्या जागी `com.whatsapp.w4b` दिसेल. साधं व्हॉट्सअ‍ॅप आणि बिझनेस ही दोन वेगळी अ‍ॅप्स आहेत आणि त्यांचे बॅकअपही वेगळे. जुन्या फोनवर बिझनेस होतं आणि नव्यावर साधं टाकलं, तर शोध चुकीच्या घरात चाललाय असं समजा.

`Databases` फोल्डरमध्ये साधारण अशा फाइली दिसतात:

```
msgstore.db.crypt14
msgstore-2025-03-10.1.db.crypt14
msgstore-2025-03-09.1.db.crypt14
```

पहिली सगळ्यात ताजी. बाकीच्यांच्या नावातच तारीख आहे. शेवटी `crypt` पुढचा आकडा कुलपाच्या प्रकाराचा असतो, तो १४ ऐवजी १५ किंवा १२ ही असू शकतो. फाइल कुलूपबंद असल्यामुळे दुसऱ्या कुठल्या अ‍ॅपमध्ये ती उघडत नाही. त्याच नंबराने पडताळणी केल्यावरच व्हॉट्सअ‍ॅप ती वाचू शकतं.

ही फाइल वापरायची तर नव्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप टाका, पण उघडू नका. केबलने दोन्ही फोन आळीपाळीने संगणकाला जोडून जुन्या फोनमधला `WhatsApp` हा आख्खा फोल्डर नव्या फोनमध्ये त्याच जागी ठेवा. फक्त `Databases` घेऊ नका, कारण त्या फाइलीत संदेश असतात, फोटो आणि आवाजी निरोप शेजारच्या `Media` फोल्डरमध्ये असतात. मग अ‍ॅप उघडून नंबर द्या आणि फाइली वाचण्याची परवानगी मागितली तर ती द्या. परवानगी नाकारली तर फाइल समोर असूनही अ‍ॅपला ती दिसत नाही.

ताजी फाइल खराब निघाली तर आदल्या दिवशीची घेता येते. ताज्या फाइलीला दुसरं काहीतरी नाव देऊन बाजूला ठेवा आणि तारखेच्या फाइलीच्या नावातला `-2025-03-10.1` एवढाच भाग काढून टाका, म्हणजे ती `msgstore.db.crypt14` होईल. शेवटचा `crypt14` तसाच राहू द्या. तो बदलला तर अ‍ॅप चुकीची किल्ली लावून पाहील आणि फाइल उघडणार नाही.

जागेचा आणखी एक प्रश्न अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यांना पडतो. आयफोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप आपला बॅकअप आयक्लाउडमध्ये ठेवतं आणि गूगल खात्यातला बॅकअप ते उचलत नाही. खातं बरोबर असो, तारीख कालची असो, हा रस्ताच तिथे नाही. त्यासाठी नवा किंवा पूर्ण रीसेट केलेला आयफोन सुरू करतानाच `Move to iOS` या अ‍ॅपने संदेश न्यावे लागतात. ही सोय २०२२ मध्ये आली. म्हणून आयफोन घ्यायचा असेल तर जुना अँड्रॉइड चालू स्थितीत हाताशी ठेवा.

अ‍ॅप किती नवं?

बॅकअप ज्या आवृत्तीच्या अ‍ॅपने घेतला, त्याहून जुनं अ‍ॅप नव्या फोनमध्ये असेल तर ते बॅकअप वाचायला नकार देऊ शकतं. नवं अ‍ॅप जुनी फाइल वाचतं, जुन्या अ‍ॅपला नव्या फाइलीची मांडणी कळेलच असं नाही. नव्या फोनमध्ये जुनं अ‍ॅप कसं येईल, असं वाटेल. पण दुकानात इंटरनेट वाचवायला एका फोनवरून दुसऱ्यावर अ‍ॅपची फाइल पाठवली जाते, ती कधीची असेल ते सांगता येत नाही. जुन्या फोनवर कोणी चाचणी आवृत्ती चालू करून दिली असेल, तर तिथलं अ‍ॅप प्ले स्टोअरच्या नेहमीच्या आवृत्तीपेक्षा पुढे असतं.

आवृत्ती `Settings > Help > App info` इथे दिसते. अँड्रॉइडवर ती २.२५.… अशी आकड्यांची माळ असते. तिच्यातला दुसरा आकडा वर्षाचा, म्हणजे २५ असेल तर आवृत्ती २०२५ ची. दोन्ही फोनवरचे आकडे शेजारी ठेवून पाहा. नव्या फोनचा आकडा मागे असेल तर प्ले स्टोअरमधून अपडेट करा. तिथे अपडेट दिसतच नसेल तर बाहेरून टाकलेलं अ‍ॅप काढून प्ले स्टोअरमधूनच पुन्हा घ्या. जास्तीच्या सोयी देतो म्हणणारी व्हॉट्सअ‍ॅपची नकली रूपं वापरलेली असतील, तर त्यांचे बॅकअप मूळ अ‍ॅपमध्ये येतील याची खात्री धरू नका.

यात न बसणारी एक अडचण पासवर्डची. २०२१ पासून बॅकअपला स्वतःचं वेगळं कुलूप लावता येतं. ते लावताना पासवर्ड ठरवला असेल किंवा ६४ अंकी किल्ली घेतली असेल, तर परत आणताना अ‍ॅप ती मागतं. तिथे बॅकअप सापडलेला असतो, फक्त दार बंद असतं. ही किल्ली व्हॉट्सअ‍ॅपकडे किंवा गूगलकडे नसते, त्यामुळे ती कोणी काढून देऊ शकत नाही. जुन्या फोनवर खातं अजून चालू असेल तर तिथल्या सेटिंगमधून पासवर्ड बदलता येतो. जुना फोन गेला आणि पासवर्डही आठवत नाही, तर तो बॅकअप उघडायचा मार्ग राहत नाही.

एका शिलाईवाल्या ताईंचा फोन

हे सगळं प्रत्यक्षात कसं एकात एक गुंततं ते एका उदाहरणावरून दिसेल. आमच्या ओळखीच्या एक ताई घरी ब्लाउज आणि ड्रेस शिवतात. गिऱ्हाइकांची मापं, कापडाचे फोटो, कोणाचे किती पैसे बाकी, हे सगळं त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये. वही नाहीच. फोन पडून कॅमेरा फुटला म्हणून त्यांनी नवा घेतला. दुकानात नवा जीमेल आयडी काढून दिला, अ‍ॅपही दुकानातल्याच फोनवरून टाकून दिलं. घरी येऊन नंबर टाकला तर बॅकअप सापडला नाही. त्यांचा फोन आला: ‘अहो, दिवाळीच्या ऑर्डरी आहेत सगळ्या यात. पुढे जाऊ का?’ त्यांनी पुढे न जाता विचारलं, त्यामुळेच बाकीचं सगळं जमलं.

त्यांचा जुना फोन घरातच होता, कॅमेरा सोडला तर चालू होता. आधी त्यातला `WhatsApp` फोल्डर केबलने लॅपटॉपवर उतरवून घेतला. पुढे काहीही बिघडलं तरी काल रात्रीपर्यंतचे संदेश हाताशी राहावेत, यासाठी. मग ड्राइव्ह पाहिला. जुन्या खात्यात बॅकअप होता, पण आठ महिन्यांपूर्वीचा. खात्यातली १५ जीबी जागा मुलांच्या वाढदिवसांच्या व्हिडिओंनी भरली होती. जुनं खातं नव्या फोनवर जोडून `Restore` केलं असतं तर संदेश आले असते, पण दिवाळीची एकही ऑर्डर त्यात नसती. हे तारीख पाहिल्याशिवाय कळलं नसतं.

दोन्ही फोन जवळ असताना एरवी सगळ्यात सोपा मार्ग वेगळा आहे. जुन्या फोनवर `Settings > Chats > Transfer chats` इथे जायचं, नव्या फोनवर दिसणारा क्यूआर कोड जुन्या फोनने स्कॅन करायचा, आणि संदेश थेट एका फोनवरून दुसऱ्यावर जातात. २०२३ पासून ही सोय आहे, तिला गूगलची जागा लागत नाही. पण ताईंच्या जुन्या फोनचा कॅमेराच फुटलेला, त्यामुळे स्कॅन होणार नव्हतं.

नंबर नव्या फोनवर पडताळला गेल्यामुळे जुन्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप बंद झालं होतं. सिम जुन्या फोनमध्ये घातलं, कोड घेऊन नंबर पुन्हा तिथे चालू केला. फोनमधले संदेश पुसलेले नव्हतेच, ते जसेच्या तसे दिसले. आता बॅकअप ठेवायचा कुठे? जुनं खातं भरलेलं होतं, पण दुकानात काढलेलं नवं खातं पूर्ण रिकामं होतं आणि ते नव्या फोनमध्ये आधीच होतं. जुन्या फोनवर `Chat backup` मध्ये जाऊन गूगल खात्याच्या जागी ते नवं खातं जोडलं आणि `Back up` दाबलं. वायफायवर दोन-अडीच तास लागले. पूर्ण झाल्यावर त्याच पडद्यावर बॅकअपची आजची तारीख आणि वेळ दिसली. ती दिसेपर्यंत नव्या फोनला हात लावला नाही.

मग नव्या फोनवरचं दुकानातून आलेलं अ‍ॅप काढलं, ते जुन्या फोनवरच्या अ‍ॅपपेक्षा मागे होतंच. प्ले स्टोअरमधून ताजं घेतलं, सिम परत नव्या फोनमध्ये घातलं, कोड टाकला, आणि या वेळी बॅकअप सापडला. संदेश लगेच आले, कापडाचे फोटो संध्याकाळपर्यंत उतरत राहिले. ताईंनी सगळ्यात आधी एका गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप उघडून पाहिलं.

फोन बदलण्याआधी

नवा फोन अजून घ्यायचाच असेल तर हे सगळं दुकानात जाण्याआधी जुन्या फोनवर पाहून ठेवणं सोपं. `Chat backup` चा पडदा उघडा. तिथे तीन गोष्टी एकाच जागी दिसतात: फोनमधल्या बॅकअपची वेळ, गूगल खात्यातल्या बॅकअपची वेळ आणि खात्याचं नाव. दोन्ही वेळा आजच्या किंवा कालच्या असाव्यात. खात्यातली तारीख जुनी असेल तर जागा मोकळी करा किंवा दुसरं खातं जोडा, आणि `Back up` दाबून तो पूर्ण होऊ द्या. खात्याचं नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून सोबत न्या. दुकानात नवा आयडी काढू देऊ नका, तुमचाच घाला. बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तोही त्याच कागदावर लिहा आणि तो कागद घरच्यांशिवाय कोणाच्या हाती देऊ नका. नंबरही बदलायचा असेल तर आधी जुन्या नंबरवरच संदेश नव्या फोनवर आणा आणि मग अ‍ॅपमधली नंबर बदलण्याची सोय वापरा, कारण नव्या नंबराने शोधलं तर जुना बॅकअप दिसत नाही.

जुना फोन देण्याआधी नव्या फोनवर एखादा दोन वर्षांपूर्वीचा संदेश, एखादा जुना फोटो आणि एखादा आवाजी निरोप उघडून पाहा. तिन्ही उघडले, की नव्या फोनवरून एक नवा बॅकअप घ्या आणि त्याची तारीख दिसली की मगच जुना फोन रीसेट करा. एक्स्चेंजची सवलत त्याच दिवशी घ्यावी लागणार असेल, तर हे सगळं दुकानातच, त्यांच्या वायफायवर, तुमच्या डोळ्यांदेखत होऊ द्या. वेळ लागेल, पण जुना फोन एकदा रीसेट झाला की त्याच्यातली फाइल परत मिळवण्याचा दुसरा रस्ता नाही.